स्पॉटिफायची दोन अकाउंट एक का होत नाहीत? आणि जुन्यातली गाणी नव्यात कशी आणायची?

नवा फोन घेतला, स्पॉटिफाय डाउनलोड केलं, मोबाइल नंबर टाकला, ओटीपी आला आणि ॲप उघडलं. पण आत सगळं रिकामं. चार-पाच वर्षं जमवलेली लाईक केलेली गाणी नाहीत, गाडीत लावायची प्लेलिस्ट नाही, काहीच नाही.

गाणी उडालेली नसतात. ती दुसऱ्या अकाउंटमध्ये असतात. आधी तुम्ही फेसबुकनं लॉगिन केलं होतं, आता नंबरनं केलं, म्हणून स्पॉटिफायनं तुम्हाला नवा माणूस समजून नवं अकाउंट उघडून दिलं. ॲपलच्या लॉगिनमध्ये हे आणखी सहज होतं. तिथे ‘Hide My Email’ निवडलं की ॲपल तुमच्या खऱ्या ईमेलऐवजी `@privaterelay.appleid.com` असा शेवट असलेला पत्ता पुढे करतं. स्पॉटिफायला तो पत्ता अनोळखी असतो.

मग साहजिक प्रश्न पडतो की दोन्ही अकाउंट माझीच आहेत, तर कंपनीनं ती जोडून का देऊ नयेत? स्पॉटिफायचं उत्तर स्पष्ट आहे: दोन अकाउंट मर्ज करता येत नाहीत. का, ते समजून घेतलं तर गाणी न्यायची कशी हेही लगेच कळतं.

अकाउंटमध्ये गाणी नसतातच

आपण ‘माझ्या अकाउंटमधली गाणी’ म्हणतो, पण गाणी स्पॉटिफायच्या सर्व्हरवर असतात आणि सगळ्यांसाठी एकच असतात. तुमच्या अकाउंटमध्ये असते ती फक्त यादी. प्रत्येक गाण्याला एक कायमचा कोड असतो आणि ‘हा कोड या युजरनं या तारखेला लाईक केला’ एवढीच नोंद तुमच्या नावावर होते.

तो युजर म्हणजे तुमचं नाव नव्हे, ईमेलही नव्हे. अकाउंट उघडताना मिळालेलं युजरनेम ही तुमची खरी ओळख असते. फेसबुकनं किंवा नंबरनं अकाउंट उघडलं असेल तर ते अक्षरं आणि आकड्यांची खिचडी असतं. ईमेल बदलता येतो, दिसणारं नाव बदलता येतं, पण युजरनेम बदलत नाही. प्लेलिस्टची मालकी, फॉलोअर, ऐकण्याचा इतिहास आणि प्रीमियम प्लॅन हे सगळं त्या एका युजरनेमला बांधलेलं असतं.

आता दोन युजरनेम एक करायची म्हटलं तर प्रत्येक बाबतीत निवड करावी लागते. एका अकाउंटवर वर्षाचा प्लॅन आहे आणि दुसरं फॅमिली प्लॅनमध्ये आहे, तर कोणता ठेवायचा? एकाचा देश भारत आणि दुसऱ्याचा जर्मनी असेल तर? गाण्यांची यादी जोडणं सोपं आहे, पण या बाकीच्या गोष्टींची बेरीज होत नाही, आणि एकदा जोडलेलं परत वेगळं करणं तर त्याहून अवघड.

म्हणजे अकाउंट जोडता येत नाही, पण यादी कॉपी करता येते. पुढचं सगळं काम याच एका गोष्टीवर चालतं.

आधी ठरवा, कोणतं ठेवायचं

जुनं अकाउंट नेमकं कोणतं हे आठवत नसेल तर ईमेलच्या इनबॉक्समध्ये स्पॉटिफायचे जुने मेल शोधा. मेल ज्या पत्त्यावर आला, त्या पत्त्यावर अकाउंट आहे. मग ॲपमधून लॉगआउट करून फेसबुक, गूगल, ॲपल, ईमेल अशा एकेका मार्गानं लॉगिन करून बघा. प्रत्येक वेळी `spotify.com/account` या पानावर जाऊन युजरनेम लिहून ठेवा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

सुरू असलेलं प्रीमियम एका अकाउंटमधून दुसऱ्यात जात नाही. त्यामुळे ज्यावर पैसे भरलेत ते ठेवणं शहाणपणाचं. दोन्ही मोफत असतील तर ज्यात जास्त वर्षं गाणी ऐकलीत ते ठेवा, कारण ऐकण्याचा इतिहास हलवता येत नाही.

लाईक केलेली गाणी: कॉम्प्युटरवर दहा मिनिटांचं काम

‘Liked Songs’ ही प्लेलिस्टसारखी दिसते, पण ती तुमची खासगी यादी आहे. तिची लिंक दुसऱ्या अकाउंटला देता येत नाही, म्हणून ती कॉपी करून न्यावी लागते. फोनवर हे एकेका गाण्यानं करावं लागेल. कॉम्प्युटरवर स्पॉटिफायचं ॲप टाकलं तर एकदम होतं. ब्राउझर नको, ॲपच हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा जुन्या अकाउंटमध्ये लाईक केलेली 1,840 गाणी आहेत, नव्यात 260 आहेत आणि त्यातली 45 दोन्हीकडे आहेत.

1. जुन्या अकाउंटनं लॉगिन करा आणि ‘Liked Songs’ उघडा. यादीतल्या कोणत्याही एका गाण्यावर एकदा क्लिक करा. हे केलं नाही तर पुढची पायरी चालत नाही. मग `Ctrl+A` दाबून सगळी गाणी निवडा आणि `Ctrl+C` दाबा. मॅकवर `Ctrl`च्या जागी `Cmd`.

2. नोटपॅड उघडून `Ctrl+V` करा. गाण्यांची नावं नाही, तर लिंकांची रांग दिसेल. प्रत्येक ओळ `https://open.spotify.com/track/` अशी सुरू होते आणि पुढे त्या गाण्याचा कोड असतो. एक ओळ म्हणजे एक गाणं. आपल्या उदाहरणात 1,840 ओळी यायला हव्यात. ही फाइल सेव्ह करा, कारण हाच तुमचा बॅकअप आहे.

3. ॲपमधून लॉगआउट करा आणि नव्या अकाउंटनं लॉगिन करा. एक नवी प्लेलिस्ट बनवा, तिला ‘जुनी लाईक’ असं काहीही नाव द्या आणि ती उघडा. नोटपॅडमधल्या सगळ्या ओळी कॉपी करून इथे `Ctrl+V` करा. थोड्या वेळात गाणी नावांसकट दिसू लागतील.

4. या प्लेलिस्टमध्ये एका गाण्यावर क्लिक करून `Ctrl+A` करा, राइट क्लिक करा आणि ‘Save to your Liked Songs’ निवडा.

आता मोजा. आधीच लाईक केलेलं गाणं दुसऱ्यांदा मोजलं जात नाही. म्हणून 1,840 आणि 260 मिळून 2,100, त्यातून दोन्हीकडे असलेली 45 वजा केली की ‘Liked Songs’मध्ये 2,055 गाणी दिसायला हवीत. आकडा बराच कमी असेल तर एवढी गाणी एका दमात गेली नाहीत असं समजा. मग पहिल्या गाण्यावर क्लिक, तीनशेव्या गाण्यावर `Shift` धरून क्लिक, अशी तुकड्यातुकड्यानं तीच पायरी पुन्हा करा. आधी गेलेली गाणी पुन्हा निवडली तरी बिघडत नाही.

दहा-वीसच गाणी कमी असतील तर कारण बहुधा वेगळं असतं. कंपनी आणि स्पॉटिफाय यांच्यातला करार संपला की गाणं यादीत राहतं, पण करडं पडतं आणि वाजत नाही. मार्च 2023 मध्ये झी म्युझिकची गाणी अशीच स्पॉटिफायवरून गेली होती. शिवाय तुमच्याच कॉम्प्युटरवरून जोडलेल्या एमपीथ्री फाइल असतील तर त्यांच्या लिंकमध्ये `track`ऐवजी `local` दिसतं. त्या फाइल स्पॉटिफायच्या सर्व्हरवर नसतातच. नव्या अकाउंटमध्ये त्या पुन्हा हातानं जोडाव्या लागतात.

एक गोष्ट मात्र हरवते, ती म्हणजे तारीख. सगळी गाणी आजच लाईक केल्यासारखी दिसतील आणि वरखाली होतील. जुना क्रम हवा असेल तर ‘जुनी लाईक’ प्लेलिस्ट डिलीट करू नका. तिच्यात तो तसाच राहतो.

प्लेलिस्ट नेताना होणारी मोठी चूक

प्लेलिस्टला लिंक असते, त्यामुळे हे काम सोपं वाटतं. जुन्या अकाउंटमधून लिंक पाठवायची, नव्यात उघडायची, अधिकच्या खुणेवर टॅप करायचं, झालं. प्लेलिस्ट लायब्ररीत दिसते, वाजते. काही दिवसांनी जुनं अकाउंट बंद केलं की मात्र ती गायब होते.

कारण तुम्ही तिची कॉपी केलेली नसते, फक्त ती फॉलो केलेली असते. मालक अजून जुनं अकाउंटच असतं. हे ओळखायचं कसं? प्लेलिस्टच्या नावाखाली मालकाचं नाव आणि फोटो असतो, त्यावर टॅप करा. जुनं प्रोफाइल उघडलं तर प्लेलिस्ट अजून तुमच्या नव्या अकाउंटची झालेली नाही.

बरोबर पद्धत अशी: नव्या अकाउंटमध्ये ती प्लेलिस्ट उघडा, तीन टिंबांवर टॅप करा, ‘Add to other playlist’ आणि मग ‘New playlist’ निवडा. आता जी तयार होईल ती तुमची. हे फोनवरही होतं. जुन्या अकाउंटमध्ये प्लेलिस्ट खासगी असेल तर लिंक देण्याआधी ती सार्वजनिक करावी लागते. कव्हरचा फोटो आणि खाली लिहिलेला मजकूर पुन्हा टाकावा लागेल. प्लेलिस्टचे फॉलोअर येत नाहीत.

कॉम्प्युटर मिळणारच नसेल तर साउंडिझ किंवा ट्यून माय म्युझिक या सेवा आहेत. त्या दोन्ही अकाउंटमध्ये शिरण्याची परवानगी मागतात आणि यादी हलवून देतात. मोफत वापरात गाण्यांच्या संख्येवर मर्यादा असते. काम झालं की `spotify.com/account`वर ‘Manage apps’मध्ये जाऊन ती परवानगी काढून टाका.

जे येत नाही ते

ऐकण्याचा इतिहास, त्यावरून येणाऱ्या शिफारशी, वर्षाअखेरचं ‘Wrapped’, तुमचे फॉलोअर आणि ऑफलाइन डाउनलोड जुन्या अकाउंटमध्येच राहतात. इतिहास निदान जवळ ठेवायचा असेल तर जुन्या अकाउंटच्या ‘Account privacy’ पानावरून तुमचा डेटा मागवता येतो. साधा डेटा यायला काही दिवस लागू शकतात आणि पहिल्या दिवसापासूनचा पूर्ण इतिहास यायला 30 दिवसांपर्यंत. तो वाचता येतो, पण नव्या अकाउंटमध्ये भरता येत नाही.

म्हणून जुनं अकाउंट लगेच बंद करू नका. त्यावर प्रीमियम चालू असेल तर तेवढं रद्द करा, म्हणजे पैसे कापले जाणार नाहीत. डेटा हातात आला आणि प्रत्येक प्लेलिस्टच्या मालकाचं नाव तपासून झालं, की मगच बंद करा. बंद केल्यावर स्पॉटिफाय एक मेल पाठवतं. त्यातल्या लिंकवरून 7 दिवसांच्या आत अकाउंट पुन्हा सुरू करता येतं. त्यानंतर ते परत मिळत नाही. खरं तर मोफत अकाउंट तसंच पडून राहिलं तरी खर्च काही नाही.