भाजकाची निवड

जुलै 2023 मध्ये भारताचा ग्राहक किंमत निर्देशांक 186.3 होता आणि आदल्या वर्षीच्या जुलैत 173.4. या दोहोंची वजाबाकी मी कागदावर मांडतो तेव्हा 12.9 उरतात, परंतु हे निर्देशांकाचे अंश होत, टक्के नव्हेत, आणि चढण जेथून सुरू झाली त्या 173.4 ने त्यांना भागल्याखेरीज महागाईचा दर, म्हणजे 7.44 टक्के, हाती येत नाही. पुढल्या जुलैत हाच दर प्राथमिक आकड्यांनुसार 3.54 टक्क्यांवर आला, तो भाव उतरले म्हणून नव्हे, तर आदल्या वर्षीच्या टोमॅटोच्या भडक्याने भाजकच फुगलेला होता म्हणून.

उत्पादनाचा हिशेब याहून नाजूक आहे. मे 2024 च्या तात्पुरत्या अंदाजानुसार 2022-23 मध्ये देशाचे सकल उत्पादन चालू किमतींनी 269.50 लक्ष कोटी रुपये होते, ते 2023-24 मध्ये 295.36 लक्ष कोटी झाले. ही वाढ 9.6 टक्के. त्या वर्षीची ग्राहक महागाई सरासरी 5.4 टक्के होती. ठोकळ हिशेबाने वजाबाकी करणारा खरी वाढ 4.2 टक्के सांगेल आणि 1.096 ला 1.054 ने रीतसर भागणारा 4.0 टक्के, सरकारी तक्त्यात मात्र 8.2 टक्के नोंदले होते.

ही तफावत कोठून आली, हे पाहण्यासाठी मी ताळा उलट्या दिशेने घेतो. स्थिर किमतींचे उत्पादन त्या दोन वर्षांसाठी 160.71 आणि 173.82 लक्ष कोटी दिलेले आहे. चालू रकमांना अनुक्रमे त्यांनी भागून शंभराने गुणले की डिफ्लेटर 167.7 वरून 169.9 वर गेलेला, म्हणजे जेमतेम 1.3 टक्क्यांनी वाढलेला दिसतो. तेव्हाच्या ग्राहक निर्देशांकात खाद्यपेयांचा भार सुमारे 46 टक्के होता, तर डिफ्लेटर देशात उत्पादन होणाऱ्या सर्व वस्तू आणि सेवांना व्यापतो, आणि त्याच्या कारखानदारीच्या भागावर तेव्हा घाऊक किमतींची छाया गडद होती. त्या वर्षी घाऊक किमती तर सरासरीने किंचित घसरल्याच होत्या.

येथेच सावधगिरी हवी. कारखान्याच्या मूल्यवर्धनास केवळ तयार मालाच्या किमतींनी भागण्याची पद्धत असेल आणि कच्चा माल तयार मालाहून अधिक स्वस्त झाला असेल, तर वाढलेला नफा कागदोपत्री वाढलेल्या उत्पादनाचे रूप घेतो. एरवी मजुराचे वेतन खऱ्या अर्थाने किती वाढले हे पाहायचे तर ग्राहक निर्देशांकाने भागावे आणि देशाच्या उत्पादनासाठी डिफ्लेटर घ्यावा. परंतु ज्या वर्षी या दोहोंच्या वाढीत चार टक्केबिंदूंचे अंतर पडते, त्या वर्षी खऱ्या वाढीच्या आकड्याशेजारी चालू किमतींची वाढही लिहून ठेवावी.