रील पाहिली किती जणांनी, पायरी चढले किती

दुकानाची रील दहा हजार लोकांनी पाहिली, या आकड्यातून दुकानात किती माणसं आली हे कळत नाही. तालुक्याच्या गावातल्या साडीच्या दुकानाची रील पुण्यात, सुरतेत, अगदी दुबईतही पाहिली जाते; त्यातले बहुतेक जण त्या गावात कधीच येणार नसतात. उलट, शेजारच्या गल्लीतली बाई ती पाहून दुकानात येते, पण ती तशीही पाडव्याला येणारच होती. म्हणून प्रश्न दुहेरी आहे: दारातून किती जण आत आले, आणि पोस्ट टाकल्या नसत्या तर त्यातले किती आले असते? यातला पहिला भाग वही-पेन्सिलीने सुटतो. दुसऱ्यासाठी थोडी युक्ती लागते.

गल्ल्यावरून हा अंदाज बांधणं सोपं वाटतं, पण साडीच्या धंद्यात ते फसवं ठरतं. लग्नाचा एक बस्ता निघाला की आठवड्याची विक्री दुप्पट दिसते, आणि तो बस्ता मामाच्या ओळखीतून आलेला असतो. बिलांची संख्या त्यापेक्षा बरी. सकाळचा आणि रात्रीचा बिल क्रमांक लिहून ठेवला की ती हातात येते. मात्र बिल होणं हे सेल्समनच्या कौशल्यावर, भावावर आणि मालावरही अवलंबून असतं. पोस्टचं काम माणूस दारापर्यंत आणण्याचं आहे, तेव्हा मोजणीही दारातच हवी.

ती करताना डोकी मोजू नयेत. एका साडीसाठी सासू, सून, नणंद आणि दोन मुलं येतात. खरेदीचा निर्णय एकच असतो. एकत्र आलेली मंडळी म्हणजे एक गट, आणि गटामागे वहीत एक रेघ. दिवसभर रेघा मारणं कोणालाच जमत नाही. दुपारनंतर वही बाजूला पडते आणि मग रात्री अंदाजाने आकडा भरला जातो, जो न मोजण्याहून वाईट. त्यापेक्षा संध्याकाळी सहा ते आठ एवढेच दोन तास ठरवावेत आणि काउंटरवरच्या एकाच माणसाकडे ते काम द्यावं.

आता तुलना. ‘पोस्ट सुरू केल्या आणि गर्दी वाढली’ हे वाक्य दिवाळीच्या तोंडावर हमखास ऐकू येतं, कारण पोस्ट बहुधा सणाच्या आधीच सुरू होतात. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहिलं तरी घोळ सुटत नाही. लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला होतं आणि २०२५ साली २१ ऑक्टोबरला. या दोन वर्षांच्या ऑक्टोबरची तुलना केली तर पोस्ट न टाकताही धंदा वाढल्यासारखा दिसेल. पितृपक्ष, लग्नसराई, पगाराचा आठवडा, बाजाराच्या दिवशी लागलेला पाऊस, या सगळ्यांचा जोर एखाद्या रीलपेक्षा मोठा असतो.

यावर उपाय आहे तो आठवड्यांच्या जोड्या लावण्याचा. लागोपाठचे दोन आठवडे घ्यावेत आणि कोणत्या आठवड्यात पोस्ट टाकायच्या हे नाणेफेकीवर सोडावं. मालकाच्या मनावर सोडलं तर तो चांगला आठवडाच निवडतो, नकळत का होईना. दुसऱ्या आठवड्यात नवी पोस्ट नाही, स्टेटस नाही, पैसे देऊन केलेली जाहिरातही नाही. सोमवार-मंगळवार मोजू नयेत, कारण आदल्या आठवड्याची पोस्ट पाहून आलेले लोक त्या दोन दिवसांत मिसळतात.

समजा, शनिवारी बाजार भरणाऱ्या गावातल्या एका दुकानाने चार जोड्या पूर्ण केल्या. पोस्ट नसलेल्या आठवड्यांत बुधवार ते रविवार ११८, १३१, १०९ आणि १२६ गट आले, एकूण ४८४. पोस्ट असलेल्या आठवड्यांत अनुक्रमे १३४, १२७, १४९ आणि १३८, एकूण ५४८. फरक ६४ गटांचा. हा खरा की योगायोग? ढोबळ कसोटी अशी: दोन्ही बेरजा मिळवाव्यात (१०३२), तिचं वर्गमूळ काढावं (सुमारे ३२) आणि त्याची दुप्पट करावी. फरक त्या दुपटीच्या बराच पुढे गेला तरच तो गांभीर्याने घ्यावा. इथे दुप्पट ६४ येते, म्हणजे निकाल अगदी उंबरठ्यावर आहे. प्रत्यक्षातली गर्दी या गणितात धरलेल्या चढउतारापेक्षा जास्तच हलते, तेव्हा ही कसोटीही तशी उदारच.

इथे वहीतला शेरा कामाला येतो. तिसऱ्या जोडीत १०९ गटांच्या आठवड्यात शनिवारी दिवसभर पाऊस होता आणि बाजार भरलाच नाही. ती जोडी पूर्ण बाजूला काढली तर उरतात ३७५ आणि ३९९. फरक फक्त २४, आणि कसोटीची मर्यादा सुमारे ५६. पोस्टचं श्रेय बरंचसं पावसाचं होतं. अर्थात ‘बाजार बुडाला तर जोडी रद्द’ हा नियम पहिल्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला हवा. आकडे पाहून नियम करायला बसलं की हवा तो निकाल काढता येतो.

एवढ्यावरून पोस्ट निरुपयोगी ठरत नाहीत; परिणाम असलाच तर तो या मोजणीत उठून दिसण्याइतका मोठा नाही, एवढंच ठरतं. लहान परिणाम पकडायला अधिक जोड्या लागतात किंवा अधिक नेमकी खूण.

सगळ्यात जुनी खूण म्हणजे विचारणं. ‘आमची रील पाहिली का?’ असं विचारलं की निम्मे लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘आज इकडे कसं येणं केलं?’ एवढंच विचारावं आणि उत्तर जसंच्या तसं लिहावं. फुरसतीच्या वेळी आलेल्यांनाच विचारलं जातं, गर्दीत राहून जातं. म्हणून दर पाचव्या गटाला विचारायचं असं ठरवलेलं बरं. उत्तराशेजारी गाव आणि ‘नवा’ की ‘जुना’ एवढी नोंद पुरते.

त्याहून नेमकी खूण लपवलेल्या साडीची. एक अबोली इरकल फक्त पोस्टमध्ये दाखवायची, तिला तिथेच एक नाव द्यायचं आणि दुकानात ती दर्शनी न ठेवता आतल्या कपाटात ठेवायची. जो गट त्या नावाने साडी मागतो, त्याने पोस्ट पाहिली यात शंका नाही. वर्तमानपत्रातल्या कुपनांवर वेगवेगळी खूण छापून कोणत्या जाहिरातीने गिऱ्हाईक आलं हे ओळखण्याचा उपाय क्लॉड हॉपकिन्सने १९२३ सालच्या पुस्तकात सांगितला होता. ही त्याचीच घरगुती आवृत्ती. सूट मात्र जोडू नये. दहा टक्के सूट म्हटली की जुनी गिऱ्हाइकंच ती मागायला पुढे येतात आणि मोजायला गेलेलं दुकान नफा घालवून बसतं.

समजा, पोस्टच्या चार आठवड्यांत १९ गटांनी ती साडी मागितली आणि त्यातले ७ नवे होते. १९ हा पोस्ट पाहून आलेल्यांचा कमीत कमी आकडा, कारण पाहूनही नाव न घेणारे असतातच. पोस्टमुळेच आलेल्यांचा अंदाज मात्र ७ च्या आसपास धरणं शहाणपणाचं. उरलेले १२ जुने, त्यांची वाट आधीच ठरलेली असू शकते. रील काढणाऱ्या मुलाला महिन्याचे जे पैसे दिले जातात त्यांना या ७ ने भागलं की एका नव्या गटामागचा खर्च समोर येतो, आणि तो एका साडीवर सुटणाऱ्या नफ्याशी ताडता येतो.

आठवड्याच्या जोड्या रोजच्या वापराच्या साड्यांना लागू पडतात, बस्त्याला नाही. तिथे मार्चमध्ये पाहिलेली पोस्ट मेमध्ये आठवते आणि तोवर चार दुकानं पालथी घातलेली असतात. बस्त्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला लग्नसराईभर तो एकच प्रश्न विचारून उत्तरं वेगळ्या पानावर लिहावी लागतात. गट थोडे असल्याने तिथे दर पाचव्याचा नियम नको.