नकाशावर अचूक जागा कशी शोधाल? अंश, मिनिटे, सेकंदांचा सोपा हिशेब

पर्यावरण संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना निघाली, की तिच्या शेवटी सीमेवरील बिंदूंचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. आपली जमीन आत येते की बाहेर, हे पाहून मसुद्यावर हरकत घ्यायला साधारण ६० दिवस मिळतात. पण हे आकडे बहुधा अंश, मिनिटे आणि सेकंदांत असतात. मोबाइलच्या नकाशात टाकायला दशांश रूप सोयीचे. अंशाचे चिन्ह कीबोर्डवर शोधावे लागत नाही.

हिशेब कसा करायचा?

घड्याळासारखाच. एका अंशात ६० मिनिटे, एका मिनिटात ६० सेकंद. म्हणून मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचे आणि उत्तरे अंशात मिळवायची. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया १८ अंश ५५ मिनिटे १९ सेकंद उत्तर आणि ७२ अंश ५० मिनिटे ५ सेकंद पूर्व येथे आहे.

```
18 + 55/60 + 19/3600 = 18.92194
72 + 50/60 + 5/3600 = 72.83472
```

सर्च बॉक्समध्ये असे टाका:

```
18.92194, 72.83472
```

आधी अक्षांश, मग स्वल्पविराम, मग रेखांश. अंक इंग्रजीत टाकावेत. दक्षिण अक्षांश किंवा पश्चिम रेखांश असेल तर आकड्याआधी उणे चिन्ह लावावे. भारतात त्याची गरज पडत नाही.

चूक कुठे होते?

अनेक जण भागाकार न करता आकडे नुसते जोडतात: `18.5519, 72.5005`. मग गेटवे सुमारे ५४ किलोमीटर नैर्ऋत्येला, भर अरबी समुद्रात दिसते. समुद्र दिसला तर चूक लगेच कळते; पण घाटमाथ्यावरचा बिंदू दुसऱ्याच डोंगरावर गेला, तर ती सहज लक्षात येत नाही. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली, तर खूण थेट नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात पडते.

काही ठिकाणी मिनिटेच दशांशात असतात, उदा. १८ अंश ५५.३१७ मिनिटे. तिथे ५५.३१७ ला ६० ने भागले की काम झाले. ३१७ म्हणजे सेकंद नव्हेत. सेकंद कधीच ६० किंवा त्याहून अधिक नसतात.

उत्तर किती अचूक?

अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. मूळ आकडा पूर्ण सेकंदांतच असेल, तर बिंदू उत्तर-दक्षिण १५ मीटर इकडे-तिकडे असू शकतो. दशांशानंतर पाच अंक पुरेत. जास्त अंकांनी अचूकता वाढत नाही. शेताचा बांध सीमेला इतका जवळ असेल, तर मोबाइलच्या नकाशावर विसंबू नये. तिथे मोजणीच करून घ्यावी लागते.