शेवटचा शुक्रवार, की चौथा?

सोसायटीची बैठक दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये २७ फेब्रुवारी २०२६ला नोंद करताना ‘चौथा शुक्रवार’ निवडला, तर मार्च-एप्रिलमध्ये काहीच बिघडत नाही. तिथेही चौथा शुक्रवारच शेवटचा. मे महिन्यात मात्र पाच शुक्रवार आहेत. आठवण २२ला वाजते, बैठक असते २९ला! म्हणून नियम लावल्यावर पाच शुक्रवारांचा महिना उघडून पाहावा. पडद्याआड योग्य नियम असा असतो:

```
FREQ=MONTHLY;BYDAY=-1FR
```

उणे एक म्हणजे महिन्याच्या शेवटाकडून पहिला. बैठक तिमाही असेल तर `INTERVAL=3` जोडायचे. मोजणी पहिल्या नोंदीच्या महिन्यापासून होते, त्यामुळे फेब्रुवारीनंतर थेट मे. ‘दर महिन्याच्या ३१ला’ हा नियम तर आणखी फसवा: एप्रिलमध्ये ३१ तारीखच नसल्याने बरीच कॅलेंडरे तो महिना गुपचूप वगळतात.