पुसट घातांक आणि तीन कसोट्या

बी.एस्सी.च्या गणिताचा एक सराव संच. फळ्यावरचा मजकूर कुणीतरी शेवटच्या बाकावरून मोबाइलने टिपला आणि वर्गभर पाठवला. पानावर तीन अनंत श्रेणी आहेत आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न: ही श्रेणी अभिसारी की अपसारी? म्हणजे पदे मिळवत गेले, तर बेरीज एका ठरावीक संख्येकडे स्थिरावते की स्थिरावतच नाही? तिन्ही श्रेणींची पदे धन आहेत, त्यामुळे इथे न स्थिरावणे म्हणजे कोणतीही मर्यादा ओलांडून वाढत जाणे. उत्तर एका शब्दाचे असले तरी गुण मिळतात ते कोणती कसोटी लावली आणि ती का लावली, याला.

पहिल्या श्रेणीचे n वे पद असे आहे:

n! / nⁿ

फोटोत n पुढचे उद्गारचिन्ह अंधूक आहे, त्यामुळे ते आधी मोठे करून पाहावे लागते. क्रमगुणित (फॅक्टोरियल) आहे हे नक्की झाले, की कसोटीची निवड जवळपास आपोआप होते. घातांकात n असेल किंवा क्रमगुणित असेल, तर पुढच्या पदाला आधीच्या पदाने भागल्यावर बरेच काही कटते. म्हणून इथे गुणोत्तर कसोटी, विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘रेशो टेस्ट’. फ्रेंच गणिती दालाँबेर याच्या नावाने ती ओळखली जाते. भागाकार करून पाहिला, तर (n+1)! मधले n! निघून जाते, वर उरलेला (n+1) खालच्या एका (n+1) शी कटतो आणि हाती राहते:

(n/(n+1))ⁿ = 1/(1 + 1/n)ⁿ

n वाढत जाईल तसे हे गुणोत्तर 1/e कडे, म्हणजे सुमारे 0.368 कडे जाते. सीमा 1 पेक्षा लहान आहे, म्हणून श्रेणी अभिसारी. त्यामागचे कारण साधे आहे. बऱ्याच पदांनंतर प्रत्येक पद आधीच्या पदाच्या निम्म्याहूनही कमी उरते. निम्म्यानिम्म्याने घटणाऱ्या गुणोत्तर श्रेणीची बेरीज मर्यादित असते, मग तिच्याहून वेगाने घटणाऱ्या श्रेणीची बेरीज तिच्यापलीकडे जाणार कशी?

पहिले गणित असे सुटले, की तीच कसोटी दुसऱ्यालाही लावण्याचा मोह होतो. दुसऱ्या श्रेणीचे पद आहे:

n / (n² + 1)

इथे गुणोत्तर काढले तर सीमा नेमकी 1 येते, आणि 1 आल्यावर ही कसोटी काहीच सांगत नाही. 1/n आणि 1/n² या दोन्हींच्या बाबतीत गुणोत्तराची सीमा 1 च असते. पण पहिली श्रेणी अपसारी आहे आणि दुसरी अभिसारी. दुसरीची बेरीज π²/6 असल्याचे ऑयलरने अठराव्या शतकात दाखवले. थोडक्यात, पदात फक्त n चे घात असतील तर गुणोत्तर कसोटीच्या वाटेला न जाणेच बरे.

त्याऐवजी पदाचा आकार बघावा. वर n, खाली साधारण n², म्हणजे पद 1/n च्या चालीने चालते. तेव्हा तुलना 1/n शी. 1/n ची श्रेणी अपसारी असल्याचा सुटसुटीत पुरावा चौदाव्या शतकात फ्रान्समधल्या निकोल ओरेमने दिला होता. 1/3 आणि 1/4 मिळून अर्ध्याहून जास्त, 1/5 ते 1/8 ही चार पदे मिळून अर्ध्याहून जास्त, त्यापुढची आठ पदे मिळून पुन्हा अर्ध्याहून जास्त. असे अर्धे कधी संपतच नाहीत.

बहुतेक उत्तरपत्रिका याच ठिकाणी घसरतात. विद्यार्थी लिहितो: ‘n/(n²+1) हे 1/n पेक्षा लहान आहे आणि 1/n अपसारी आहे, म्हणून श्रेणी अपसारी.’ उत्तर बरोबर, कारण चूक. अपसारी श्रेणीपेक्षा लहान पदे असणे यावरून काहीच सिद्ध होत नाही. 1/n² सुद्धा 1/n पेक्षा लहानच असते. अपसारी ठरवायचे असेल, तर आपले पद एखाद्या अपसारी श्रेणीच्या पदापेक्षा मोठे किंवा तेवढेच असल्याचे दाखवावे लागते. n² + 1 हे 2n² पेक्षा कधीच मोठे नसते. म्हणून आपले पद 1/(2n) पेक्षा कधीच लहान नसते, आणि 1/n चे निम्मे केले तरी त्याची श्रेणी अपसारीच राहते. आता पुरावा पूर्ण झाला.

तिसऱ्या श्रेणीत फोटोच आडवा येतो. छेदात n, त्याला लागून ln n चा कंस, आणि कंसाच्या डोक्यावर एक ठिपका. तो घातांक 2 आहे की खडूचा डाग, हे कळत नाही. बेरीज n = 1 पासून आहे की 2 पासून, तेही पुसट आहे. यातली एक शंका गणितच मिटवते. ln 1 शून्य असतो आणि छेदात शून्य चालत नाही, म्हणून सुरुवात 2 पासूनच असणार. घातांकाची शंका मात्र अशी मिटत नाही, कारण दोन्ही श्रेणी पुस्तकांत नेहमी भेटतात.

आधी घातांक नाही असे धरून 1/(n ln n) पाहू. गुणोत्तराची सीमा पुन्हा 1. तुलनाही अडते. n = 3 पासून हे पद 1/n पेक्षा लहान आहे, पण तेवढ्याने काही ठरत नाही, हे वर आलेच. उलट n चा घात 1 पेक्षा किंचित जरी वाढवला, म्हणजे 1/n^1.1 घेतले, तर पुरेशा मोठ्या n पासून आपले पद त्याहून मोठे राहते. अभिसारी श्रेणीपेक्षा मोठे असण्यानेही काही ठरत नाही. नेहमीच्या मापांच्या मधल्या फटीत ही श्रेणी अडकलेली आहे.

कॅल्क्युलेटरही मदतीला येत नाही. पहिल्या 10 लाख संख्यांपर्यंत बेरीज केली, तर घातांक नसलेली श्रेणी सुमारे 3.42 वर पोहोचते आणि वर्गाची श्रेणी सुमारे 2.04 वर. दोन्ही इतक्या सावकाश सरकतात, की दोन्ही स्थिरावल्यासारख्या वाटतात.

म्हणून इथे इंटिग्रल कसोटी. तिच्यावर मॅक्लॉरिन आणि कोशी या दोघांची नावे आहेत. तिच्या अटी आधी लिहायच्या: x = 2 पासून पुढे फल धन आहे, सलग आहे आणि सतत घटते आहे. मग बेरजेऐवजी वक्राखालचे क्षेत्रफळ मोजायचे. ते मर्यादित असेल तर श्रेणी अभिसारी, अमर्याद असेल तर अपसारी. लॉगसाठी ही कसोटी सोयीची ठरते, कारण ln x चे विकलज 1/x छेदात आधीच बसलेले आहे. u = ln x ठेवले, की 1/(x ln x) चे संकलन ln(ln x) येते. ते फार सावकाश पण अमर्याद वाढते. x म्हणून 1 वर शंभर शून्ये असलेली संख्या घेतली तरी त्याची किंमत जेमतेम 5.44 भरते. म्हणून श्रेणी अपसारी. वर्ग असेल तर त्याच पायरीवर 1/u² चे संकलन करावे लागते. 2 पासून अनंतापर्यंतचे क्षेत्रफळ 1/ln 2, म्हणजे सुमारे 1.44 येते आणि श्रेणी अभिसारी ठरते.

फोटो कितीही मोठा केला तरी ठिपका उलगडला नाही, तर घातांकाला p म्हणावे आणि u च्या पायरीवर 1/uᵖ चे संकलन एकदाच करावे. p जर 1 पेक्षा मोठा असेल तर श्रेणी अभिसारी, 1 किंवा त्याहून लहान असेल तर अपसारी. मग ‘घातांक 2 धरल्यास अभिसारी, नसल्यास अपसारी’ असे एका ओळीत लिहून उत्तर पूर्ण करता येते.