शंभर डॉलरमागची दोन लाख पानं

ब्लॉगवर जाहिराती लावून मिळणाऱ्या कमाईचा विचार शेवटाकडून सुरू केलेला बरा. गूगल ॲडसेन्सचं खातं फुकट उघडता येतं. वय अठरा पूर्ण हवं आणि मजकूर ॲडसेन्सच्या यादीतल्या भाषेत हवा. त्या यादीत मराठी आहे. वाचक किती असावेत, अशी अट नाही. अडतं ते पैसे हाती पडण्यापाशी. खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही, ती पुढच्या महिन्याच्या खात्यावर चढत राहते. त्याआधी १० डॉलर झाले की पत्ता तपासायला टपालाने एक पिन येतो. पत्ता अर्धवट लिहिलेला असेल तर तो पोहोचत नाही आणि पैसे अडकून राहतात.

हे १०० डॉलर जमायला किती वाचक लागतात? याचं उत्तर आरपीएम नावाच्या आकड्यात आहे. दर हजार पानं पाहिली गेल्यावर जी कमाई होते, ती आरपीएम. हा दर तुम्ही ठरवत नाही. त्या वाचकापर्यंत पोहोचायला जाहिरातदार किती मोजायला तयार आहे, त्यावर तो ठरतो. विमा किंवा कर्जाविषयीच्या पानाला जास्त दर मिळतो, कवितेच्या पानाला कमी. तोच लेख साताऱ्यात वाचला गेला आणि न्यू जर्सीत वाचला गेला, तर अमेरिकेतल्या वाचकामागे सहसा जास्त पैसे मिळतात. दिवाळीच्या आधी दर चढतो, जानेवारीत उतरतो.

एक उदाहरण घेऊ. गच्चीवरच्या बागेविषयीचा एक मराठी ब्लॉग आहे. हिशेबापुरता त्याचा आरपीएम ४० रुपये आणि डॉलर ८५ रुपयांचा धरू. १०० डॉलर म्हणजे ८,५०० रुपये, आणि तेवढ्यासाठी सुमारे २ लाख १२ हजार पानं वाचली जायला हवीत. ब्लॉगवर रोज ३०० पानं पाहिली जात असतील तर महिन्याची कमाई होते ३६० रुपये. म्हणजे पहिली रक्कम बँकेत यायला जवळजवळ दोन वर्षं. दर महिन्याला ती यावी असं वाटत असेल तर रोज सात हजार पानं वाचली जायला हवीत. तुमचा खरा आरपीएम ॲडसेन्सच्या अहवालात दिसतो. तो घालून हाच हिशेब पुन्हा करावा.

इतके वाचक आणायचे कुठून? नातेवाइकांच्या आणि शाळेच्या व्हॉट्सॲप गटांत दुवा टाकला की एक दिवस आकडा उसळतो आणि दुसऱ्या दिवशी खाली येतो. रोज नेमाने येणारा वाचक बहुतेक वेळा गूगलच्या शोधातून येतो, कारण त्याला त्या क्षणी एक प्रश्न पडलेला असतो. म्हणून ॲडसेन्सच्या आधी सर्च कन्सोल जोडावं. तेही फुकट आहे. ब्लॉगचा मालकी हक्क सिद्ध करायचा, `sitemap.xml` चा पत्ता द्यायचा आणि काही आठवडे थांबायचं. मग लोकांनी काय शोधलं तेव्हा तुमचं पान दिसलं, किती वेळा दिसलं, किती जणांनी ते उघडलं आणि पान सरासरी कितव्या क्रमांकावर होतं, हे सगळं समजतं.

आपल्या बागेच्या ब्लॉगवर समजा असं दिसलं: ‘कढीपत्त्याची पानं काळी का पडतात’ या शोधात एक लेख महिन्यात ३,००० वेळा दिसला, उघडला फक्त १५ जणांनी, आणि क्रमांक चौदावा. प्रश्न विचारणारे आहेत, पण लेख त्यांच्या नजरेच्या टप्प्यात नाही. लेखाचं शीर्षक आहे ‘माझी बाग – भाग ७’. कढीपत्त्याचा उल्लेख पाचव्या परिच्छेदात, तोही दोन ओळींचा. पानाचा पत्ता `blog-post_12.html`. ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत असलं की पत्ता असाच तयार होतो.

इथे करायचं ते एवढंच: कढीपत्त्याचा वेगळा लेख लिहायचा, शीर्षकात वाचकाचाच प्रश्न ठेवायचा आणि प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने `kadhipatta-pane-kali.html` असा द्यायचा. पहिल्याच परिच्छेदात उत्तर यावं: मावा, पिठ्या ढेकूण यांसारख्या किडी चिकट गोड स्राव टाकतात, त्यावर काळी बुरशी धरते, म्हणून आधी कीड घालवावी लागते. मग स्वतःच्या झाडाच्या पानाचा मागच्या बाजूने जवळून काढलेला फोटो, कीड कशी ओळखायची, काय फवारलं आणि किती दिवसांनी फरक दिसला. ‘kadhipatta’ असं रोमन लिपीत टाइप करणारेही असतात, हे सर्च कन्सोलच्या यादीत दिसेल. त्यांच्यासाठी वेगळा लेख पाडायची गरज नाही.

ॲडसेन्स बरेच अर्ज ‘कमी मूल्याचा मजकूर’ असा शेरा मारून परत करतं. त्याचा रोख अशाच लेखांच्या अभावाकडे असतो. दुसरीकडून उचललेली माहिती, यंत्राने केलेलं भाषांतर, चार-चार ओळींची पानं, रिकामे विभाग यांच्यावर अर्ज अडतो. मार्च २०२४ मध्ये गूगलने शोधाचे नियमही कडक केले. केवळ क्रमांक मिळवण्यासाठी ढिगाने तयार केलेला मजकूर, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने, आता स्पॅम धरला जातो. सर्च कन्सोलमध्ये पुष्कळ पानांपुढे ‘Crawled – currently not indexed’ असं दिसत असेल, तर गूगलने ती पानं पाहिली पण अजून यादीत घेतलेली नाहीत. अशा वेळी नवे लेख थांबवून आधीचे दुरुस्त करावेत किंवा एकत्र करावेत.

जाहिराती सुरू झाल्यावर सर्वांत मोठा धोका घरातूनच येतो. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं, भावाला किंवा मित्रांना करायला सांगणं, ‘एकमेकांच्या जाहिराती उघडू’ म्हणणाऱ्या गटात शिरणं, वाचक विकत घेणं, या सगळ्याला गूगल अवैध रहदारी मानतं. आधी कमाईतून वजावट होते, प्रकार वाढला तर खातं बंद होतं आणि साठलेले पैसे जाहिरातदारांना परत जातात. अहवालात एखाद्या दिवशी वाचक तेवढेच पण क्लिक अचानक कितीतरी पट दिसले, तर कारण लगेच शोधावं. कुकीजची माहिती देणारं गोपनीयता धोरणाचं पानही ब्लॉगवर असावंच लागतं. जाहिराती किती लावायच्या यालाही मर्यादा आहे. मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापली, तर बेटर ॲड्स या मानकानुसार तो वाचकाला त्रास ठरतो.

आता कढीपत्त्याच्या लेखाचा हिशेब. समजा काही महिन्यांनी तो पहिल्या पानावर वर आला आणि ३,००० पैकी ३०० जणांनी उघडला. प्रत्येकाने सरासरी दीड पान वाचलं, तर ४५० पानं झाली, म्हणजे महिन्याला १८ रुपये. असे शंभर लेख असतील तर १,८०० रुपये, आणि १०० डॉलर साधारण पाच महिन्यांनी. एका लेखाने काही होत नाही, पण चांगलं उत्तर वर्षानुवर्षं वाचलं जातं आणि दर महिन्याला तेवढी भर घालत राहतं. म्हणून विषय निवडताना कुठला दर जास्त मिळतो हे पाहण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: ज्यांची उत्तरं मला स्वतःच्या अनुभवातून देता येतील, असे शंभर प्रश्न माझ्याकडे आहेत का? ते कागदावर लिहून काढावेत. यादी तीसवरच अडली, तर जाहिरातींच्या उत्पन्नाचा भरवसा धरू नये.