घड्याळ साठ मिनिटांचे, नजर दोन अंशांची

आयईएल्ट्सच्या ॲकॅडमिक वाचन परीक्षेत ६० मिनिटांत तीन उतारे आणि ४० प्रश्न असतात. तिन्ही उतारे मिळून दोन ते पावणेतीन हजार शब्द भरतात. एकदा सलग वाचायला हा वेळ पुरतो, पण प्रत्येक प्रश्नासाठी उतारा नव्याने वाचू लागलो तर पुरत नाही. म्हणून स्किमिंग आणि स्कॅनिंग.

स्कॅनिंग जमते ते डोळ्याच्या रचनेमुळे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही. तो सात-आठ अक्षरांच्या उड्या मारतो आणि दर उडीनंतर सुमारे पाव सेकंद थांबतो. लख्ख दिसतो तो मधला जेमतेम दोन अंशांचा पट्टा, म्हणजे लांब धरलेल्या हाताच्या अंगठ्याएवढा. त्याबाहेर शब्द वाचता येत नाहीत, आकार मात्र जाणवतात. त्यामुळे १७५९ सारखा आकडा किंवा कॅपिटल अक्षराने सुरू होणारे नाव पानावर पटकन सापडते. ‘बिकॉज’ तसा सापडत नाही.

समजा, उतारा इंग्लंडजवळच्या एडिस्टोन खडकावरील दीपगृहांचा आहे. विधान असे: ‘स्मीटनचा मनोरा त्याचे दगडकाम कमकुवत झाल्याने उतरवला गेला.’ बरोबर, चूक की माहिती नाही? ‘स्मीटन’ शोधणे व्यर्थ, ते नाव उताऱ्यात जागोजागी येणार. ‘टेकन डाउन’ही शोधू नये, परीक्षक मुद्दाम शब्द बदलतात, उताऱ्यात ‘डिसमँटल्ड’ असेल.

इथे आधीचे स्किमिंग कामी येते. शीर्षक आणि प्रत्येक परिच्छेदाची पहिली एक-दोन वाक्ये वाचून समासात एकेक शब्द लिहायचा: ‘बांधकाम’, ‘चुना’, ‘शेवट’. याला दोन-तीन मिनिटे पुष्कळ झाली. आता मनोरा उतरवण्याची गोष्ट ‘शेवट’पाशी असणार. त्याच परिच्छेदात नव्या मनोऱ्याचे १८८२ साल दिसते. तिथे थांबून आजूबाजूची वाक्ये सावकाश वाचायची. मनोरा भक्कम होता, त्याखालचा खडकच झिजत होता, असे तिथे लिहिलेले आहे. उत्तर: चूक. ‘दगड’ आणि ‘कमकुवत’ एवढेच टिपून पुढे धावणारा ‘बरोबर’ लिहून मोकळा होतो.

स्किमिंगचीही एक खोड आहे. काही परिच्छेद जुन्या समजुतीने सुरू होतात आणि तिसऱ्या वाक्यातल्या ‘हाउएव्हर’नंतर खरा मुद्दा येतो. परिच्छेदांना मथळे जुळवायच्या प्रश्नात हे फार नडते. म्हणून पहिले वाक्य ‘लोकांना वाटे’ अशा सुराचे असेल, तर त्या परिच्छेदात ‘बट’ किंवा ‘हाउएव्हर’ शोधावा.

‘माहिती नाही’ हे उत्तर सर्वांत जास्त वेळ खाते, कारण नसलेली गोष्ट कुठवर शोधायची हेच कळत नाही. या प्रकारच्या प्रश्नांची उत्तरे उताऱ्यात क्रमाने येतात. चौथ्याचे उत्तर तिसऱ्या परिच्छेदात आणि सहाव्याचे पाचव्यात मिळाले, तर पाचव्यासाठी या दोन जागांमधला मजकूर एकदा नीट वाचावा. तिथे त्या विधानाला दुजोरा नसेल आणि विरोधही नसेल, तर ‘माहिती नाही’ लिहून पुढचा प्रश्न घ्यावा.